चौथा तुकडा

"ताई, तुमचं मशीन ठीक आहे ना?" विभागप्रमुख मॅडमनी दारातूनच विचारलं आणि ताईच्या कपाळावर आठी पडली.

प्रयोगशाळेत तिला सगळे ताईच म्हणत, वयानं मोठे होते तेसुद्धा. चौदा वर्षं ती एकच यंत्र चालवत होती. समुद्रतळाच्या गाळात फोरॅम नावाच्या एकपेशीय जिवांचे शिंपले सापडतात, साखरेच्या दाण्याएवढे किंवा त्याहून बारीक. ते आम्लात विरघळवायचे, निघालेला वायू यंत्रात सोडायचा आणि त्यातल्या ऑक्सिजनची वर्गवारी करायची. ऑक्सिजनमध्ये हलके अणू असतात तसे जडही असतात. जड फार थोडे, हजारात जेमतेम दोन. त्या दोनांत केसभर कमीजास्त झालं तरी यंत्राला कळायचं. बाजारात भाजीवाल्याच्या काट्यावर ताईचा कधी विश्वास बसत नसे, पण या यंत्रावर डोळे मिटून होता.

"मशीनला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "का हो?"

मॅडमनी एक लांबलचक छापील आलेख टेबलावर पसरला. "हा चौथा तुकडा बघा."

सव्वीस वर्षांपूर्वी एका जहाजानं खोल समुद्रात लांब नळी रोवून गाळाचा सोळा मीटरचा खांब वर काढला होता. त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे करून ते थंड कोठारात ठेवले होते. वरचे तीन तुकडे पूर्वीच कोणीतरी मोजले होते. चौथा आणि पाचवा ताईनं गेल्या महिन्यात मोजून दिला होता, दर दोन सेंटिमीटरला एक नमुना.

वाचता येणाऱ्याला तो आलेख गोष्टीसारखा होता. समुद्राच्या पाण्याची वाफ होते तेव्हा हलक्या ऑक्सिजनचं पाणी सहज उडतं. हिमयुगात ती वाफ बर्फ होऊन जमिनीवर पडते आणि तिथेच अडकून बसते. समुद्रात जड पाणी उरतं. त्या पाण्यातून शिंपला बांधणारा जीव ते जडपण शिंपल्यात उतरवतो. शिवाय पाणी थंड असलं की शिंपल्यात जड ऑक्सिजन आणखी थोडा जास्त जातो. म्हणजे आकडा चढला की थंडी आणि बर्फ; उतरला की ऊब, आणि वितळलेलं पाणी परत समुद्रात.

जगभरच्या गाळात गेल्या काही लाख वर्षांचा हा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. बर्फ साठायला ऐंशी-नव्वद हजार वर्षं लागतात, रडतखडत, दोन पावलं पुढे आणि एक मागे. वितळतो मात्र दहाएक हजार वर्षांत, भसकन.

चौथ्या तुकड्यात नेमकं उलटं होतं. बर्फ हळूहळू वितळत गेला होता आणि मग भसकन साठला होता.

"खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात धाकधूक होती आणि हावही होती, आणि दोन्ही त्यांना लपवता येत नव्हत्या. "परिषदेसाठी सारांश शुक्रवारपर्यंत पाठवायचाय. खोटं असेल तर मला आत्ता सांगा. तिथे माईकसमोर उभी राहिल्यावर नको."

"मशीन चुकलेलं नाही," ताई म्हणाली.

"न बघताच?"

"बघून सांगते. पण चुकलेलं नाही."

तिनं गेल्या महिन्याच्या नोंदी काढल्या. दर दहा नमुन्यांमागे ती संगमरवराची भुकटी मोजत असे. त्या भुकटीचा आकडा आधीच ठाऊक होता; यंत्र बहकलं तर तिथेच पकडलं जायचं. महिनाभर भुकटीचा आकडा जागचा हलला नव्हता. तरी तिनं चौथ्या तुकड्यातले वीस नमुने पुन्हा लावले. मंगळवारी दुपारपर्यंत वीसच्या वीस आकडे जुन्या आकड्यांना येऊन चिकटले. यंत्र निर्दोष सुटलं.

मग शिंपल्यांकडे संशय वळला. शेजारच्या खोलीत तिची एक मैत्रीण सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्यानं शिंपले वेचायची. कुंचल्याला दोन-तीनच केस. एकाच तळाच्या पाण्यात राहणाऱ्या दोन जातींचे आकडे वेगवेगळे येतात, कारण प्रत्येक जातीची शिंपला बांधायची तऱ्हा निराळी. वेचताना मध्येच जात बदलली तर आलेखात नसलेला डोंगर उभा राहतो.

"जात बदलली नाही ना ग कुठे?" ताईनं विचारलं.

मैत्रिणीनं सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले. "एक वेळ नवऱ्याला गर्दीत ओळखायची नाही मी. पण याला ओळखीन."

"तसं नाही ग, मॅडम विचारतील म्हणून."

"मग तूच बघ की. खुर्ची घे."

ताई तासभर बघत बसली. उरलेले शिंपले काळ्या पट्टीवर क्रमानं मांडलेले होते, सगळे एकाच जातीचे, तळाशी राहणारे, स्वच्छ आणि न झिजलेले. मैत्रिणीला तिनं हात जोडले आणि मैत्रिणीनं ते मोठ्या मनानं स्वीकारले.

बुधवारी सकाळी आलेख पुन्हा टेबलावर आला. मॅडम बाजूला उभ्या होत्या.

"म्हणजे यंत्र बरोबर, शिंपले बरोबर," त्या म्हणाल्या. "मग निसर्गानंच हे केलं असं म्हणायचं. कदाचित या समुद्रापुरतं."

"या समुद्रापुरतं कसं, मॅडम?" ताई म्हणाली. "समुद्र सगळा हजार-दीड हजार वर्षांत ढवळून निघतो. बर्फात किती पाणी अडकलंय ही खबर प्रत्येक तळाला सारखीच पोहोचते. बाकीचे सगळे समुद्र एक सांगतायत आणि हा एकटा दुसरं?"

"तेच तर नवीन आहे!"

"नवीन आहे खरं," ताई म्हणाली आणि आलेखावर वाकली. तिला एकदम काहीतरी दिसलं होतं.

इतका वेळ सगळे दात्यांकडे बघत होते. ती आता सांध्यांकडे बघत होती. तिसऱ्या तुकड्याचा खालचा शेवट होता चार पूर्णांक तीन. त्याला लागून चौथ्याचं वरचं टोक चार पूर्णांक नऊ. मध्ये पायरी. खाली गेलं तर चौथ्याचा शेवट चार पूर्णांक तीन, आणि पाचव्याची सुरुवात चार पूर्णांक नऊ. पुन्हा पायरी, तेवढीच.

"मॅडम, कात्री द्या."

तिनं आलेखातली चौथ्या तुकड्याची पट्टी कापली. खिडकीच्या काचेला तिसरा आणि पाचवा तुकडा चिकटवला, मध्ये जागा सोडून. मग मधली पट्टी पानासारखी उलटली, छापलेली बाजू काचेकडे, आणि त्या जागेत धरली. बाहेरच्या उजेडात रेघ कागदातून आरपार दिसत होती. डावीकडे चार पूर्णांक तीनला चार पूर्णांक तीन मिळालं. उजवीकडे नऊला नऊ. आणि मधला दाता इतर दात्यांसारखाच सरळ झाला, सावकाश चढ, भसकन उतार.

मॅडमनी चष्मा काढला. "तुकडा उलटा आहे."

"तसं दिसतंय."

"दिसतंय, पण आलेख छान जुळतो म्हणून मी गाळ उलटा करू शकत नाही, ताई. हवा तसा जुळवून घेतला असं कोणीही म्हणेल. मला गाळातला पुरावा हवा."

ते ताईला पटलं. ती कोठाराच्या कचेरीत गेली आणि त्या सफरीचं रजिस्टर काढलं. चौथ्या तुकड्याच्या पानावर जहाजावरच्या शास्त्रज्ञानं गाळाचं वर्णन केलं होतं, रंग, पोत, भेगा. त्यात एक ओळ होती. बासष्ट सेंटिमीटरवर ज्वालामुखीच्या राखेचा करडा थर, वरची कड धारदार, खालची पसरट.

ताईनं ती ओळ दोनदा वाचली. राख समुद्रतळावर अचानक येऊन पडते, म्हणून तिची खालची कड सुरीनं कापल्यासारखी असते. वर मात्र किडे गाळ उकरत राहतात, राख नव्या गाळात मिसळते आणि वरची कड पसरते. लिहिणाऱ्यानं जे दिसलं ते इमानदारीनं लिहिलं होतं आणि तो पुढच्या कामाला लागला होता.

पानाच्या तळाशी तुकडे कापून टोपणं लावणाऱ्याची सही होती. ती सही ताईनं शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती.

ताईचे बाबा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्याआधी एकतीस वर्षं ते कोठारपाल होते आणि दर एक-दोन वर्षांनी जहाजावर जायचे. नळी वर आली की तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या वरच्या तोंडाला निळं टोपण, खालच्या तोंडाला पांढरं. जेवताना मुलींना सांगायचे, "निळं आभाळाकडे, पांढरं तळाकडे. एकदा चुकलं की लाखो वर्षं डोक्यावर उभी राहतात." आणि मग ठरलेलं वाक्य, "माझ्या हातून एक तुकडा उलटा गेलेला नाही."

फोनवर सांगावं असं तिला एक क्षण वाटलं. मग तिनं पर्स उचलली.

बाबा शर्टांना इस्त्री करत होते. निवृत्तीनंतर घरातली सगळी इस्त्री त्यांनी आपल्याकडे घेतली होती आणि आई त्याबद्दल सगळ्यांना कौतुकानं सांगायची, फक्त उशांच्या अभ्र्यांनाही कशाला, एवढीच तिची तक्रार होती.

"आज अर्ध्या दिवसात?" आई म्हणाली. "बरं नाही का?"

"बरी आहे. बाबांकडे काम आहे." ताई खुर्ची ओढून बसली. किती फिरवून सांगितलं तरी ते शेवटी तिथेच येणार होतं. "बाबा, सव्वीस वर्षांपूर्वीच्या सफरीतला एक तुकडा उलटा आहे. चौथा. सही तुमची आहे."

बाबांनी इस्त्री बंद केली आणि उभी ठेवली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतेय."

"मशीन बिघडलं असेल तुझं."

"बघितलं. नाही बिघडलं."

"शिंपले?"

"तेही बघितले."

"मग तुझा आलेख जुळत नाही म्हणून माझा तुकडा उलटा?" बाबांचा आवाज चढला नव्हता, पण आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. "तुझ्यासारखे आलेखवाले पुष्कळ पाहिलेत मी. स्वतःचं जुळलं नाही की कोठारावर ढकलायचं."

"राखेचा थर आहे बाबा. रजिस्टरमध्ये लिहिलंय. वरची कड धारदार, खालची पसरट."

अर्धवट इस्त्रीच्या शर्टाची बाही बाबांनी सरळ केली, पुन्हा सरळ केली. राखेच्या थराचं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तिलाच ते त्यांनी शिकवलं होतं.

"वरची धारदार," ते म्हणाले. "नक्की?"

"मी वाचलं. डोळ्यांनी अजून पाहिलं नाही. तुमच्याशिवाय नळी उघडायची नाही असं ठरवलंय."

"चल."

"जेवून घ्या, मग—"

"आत्ता चल."

"अहो, निदान स्वेटर घेऊन जा," आई म्हणाली, "ते कोठार म्हणजे नुसता बर्फखाना." स्वेटर तिनंच आणून दिला.

दारावरचा पहारेकरी नवा होता. त्यानं बाबांना पाहुण्यांची चिठ्ठी भरायला लावली. ज्या दाराच्या किल्ल्या एकतीस वर्षं त्यांच्या कमरेला होत्या, त्या दाराशी उभं राहून बाबांनी नाव, पत्ता, वेळ लिहिली. कामाचं स्वरूप या रकान्याशी ते थोडे थबकले आणि मग ठळक अक्षरांत लिहिलं: तपासणी.

आत चार अंश होतं. छताला भिडलेल्या मांडण्यांवर हजारो नळ्या, उभ्या चिरून अर्ध्या केलेल्या. प्रत्येक तुकड्याचे दोन भाग करून एक कामाला वापरायचा आणि दुसरा हात न लावता जपायचा, ही रीत. बाबा यादी न बघताच तिसऱ्या रांगेत गेले, खाली वाकले आणि जपलेला भाग बाहेर ओढला. वर निळं टोपण, खाली पांढरं. अक्षर त्यांचं.

टेबलावर ठेवून त्यांनी वरचं पारदर्शक वेष्टन सोलून काढलं. राखाडी-पिवळसर गाळ, आणि मध्ये तीन बोटं रुंद करडा पट्टा.

त्याची निळ्या टोपणाकडची कड रेघेसारखी सरळ होती. पांढऱ्याकडची कड विरत गेलेली, तिच्यात किड्यांच्या बिळांचे करडे ठिपके, बरेच लांबवर सांडलेले.

बाबांनी भिंग मागितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. ताई बाजूला उभी राहिली. तिला बोलायचं होतं, चालतं बाबा, होतं असं, पण ते बोलण्यात काही अर्थ नव्हता आणि त्यांना ते आवडलंही नसतं.

"उलटा आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांना जहाजावरची रोजनिशी हवी होती. ताईनं ती कपाटातून काढून दिली. तारीख सापडली. त्या दिवशी वादळ असेल, कोणी आजारी असेल, दोर तुटून धावपळ झाली असेल, असं काहीतरी दोघंही शोधत होती. पानावर तीनच ओळी होत्या. समुद्र शांत. सकाळपासून दोन नळ्या. जेवण चांगलं.

बाबांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. "काहीच नव्हतं ग त्या दिवशी," ते म्हणाले. "काहीतरी असतं तर बरं झालं असतं."

"बाबा, हजारो तुकड्यांत एक."

"ज्याला तो एक मिळाला त्याला काय?" त्यांनी रोजनिशी मिटली. "तुझ्या मॅडमना बोलाव. त्यांच्यासमोर लिहितो."

मॅडम आल्या, स्वतः भिंगातून बघितलं, पुरे पाच मिनिटं. नंतर टेबलाला टेकून त्या हसायला लागल्या, खूप हसल्या. "दोन दिवस मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होते, काका! बर्फाचा इतिहास बदलणारं! आणि बर्फ बिचारा जसा होता तसाच होता."

"माझी चूक होती, मॅडम. माफ करा."

"माफ केलं. आता मला सांगा, टोपणं बदलायची की तशीच ठेवायची?"

"टोपणं बदलायची नाहीत," बाबा ताठ झाले. "बदलली तर उद्या कोणी जुना कागद घेऊन येईल आणि पुन्हा गोंधळ घालेल. नळीवर लाल पट्टी लावायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची, आणि जिथे जिथे हे आकडे गेलेत तिथे पत्र."

त्यांनी लिहिलं. हात थंडीनं आखडले होते तरी अक्षर एकसारखं आलं. तुकडा चार, टोपणं उलट लागली आहेत, पुरावा राखेचा थर व सांध्यांवरचे आकडे, चूक माझी. सही, तारीख.

शुक्रवारी मॅडमनी सारांश पाठवला, पण वेगळा. सरळ केलेल्या तुकड्यात त्या जुन्या बर्फाचं वितळणं खालच्या टोकाशी फार सुरेख नोंदलेलं होतं; त्या उतारावर ताईचे दहा नमुने, एकामागून एक, कुठेही खंड नाही. शिंपले इतके स्वच्छ आणि थर इतके दाट, की दोन नमुन्यांमधलं अंतर हजार वर्षांहूनही कमी पडत होतं. मॅडम म्हणाल्या, करवत उलटी नाही निघाली, पण तिचा एक दाता इतक्या जवळून या समुद्रात अजून कोणी पाहिला नव्हता. खाली आभारांमध्ये त्यांनी कोठारपालांचा उल्लेख केला. बाबांनी तो काढायला लावला. मॅडमनी काढला नाही.

बाबांचं मात्र तेवढ्यानं भागलं नाही. सोमवारी सकाळी ते डबा घेऊन कोठाराच्या दारात हजर झाले. त्या सफरीत त्यांनी या एका तुकड्याखेरीज आणखी दोनशे बारा तुकडे कापले होते आणि ते सगळे त्यांना बघायचे होते. पहारेकऱ्यानं पहिले दोन दिवस चिठ्ठी भरून घेतली, तिसऱ्या दिवशी नुसतीच मान हलवली.

अकरा दिवस ते रोज आले. जिथे राख होती तिथे राखेच्या कडा बघितल्या. राख नव्हती तिथे वाळूचे थर, जड दाणे खाली आणि बारीक वर आहेत ना. ताई जेवायच्या सुट्टीत खाली जायची, दोघं कोठाराबाहेरच्या बाकावर डबा खायचे आणि बाबा अंगात ऊब येईपर्यंत बोलत नसत. एकशे एकोणपन्नास तुकडे सरळ निघाले. उलटा एकही नाही. उरलेल्या त्रेसष्टांत राख नाही, वाळू नाही, काहीच नाही, नुसता एकजीव गाळ. त्यांच्यापुढे बाबांनी प्रत्येकी एकच शब्द लिहिला: अनिश्चित.

"सरळच असणार हो," आई त्या संध्याकाळी म्हणाली.

"असणार म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "ते ताई सांगेल."

आणि ताईनं तेच ठरवलं होतं. प्रत्येक सांध्याच्या वरून आणि खालून थोडे थोडे नमुने घ्यायचे. आकडे हातात हात घालून आले तर तुकडा सरळ, पायरी आली तर संशय. मैत्रिणीनं तेवढे शिंपले वेचायचे म्हणजे वर्ष जाईल असं बोटं मोडत सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी पहिली पट्टी भरून आणून दिली.

ताईनं शिंपले छोट्या काचेच्या कुप्यांत उतरवले, दर दहा कुप्यांमागे एक संगमरवराची भुकटी ठेवली आणि यंत्र सुरू केलं. बाबा पहिल्यांदाच त्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. आम्लाचा थेंब पडला, वायू निघाला, पडद्यावर पहिली रेघ वर चढली.

"हे काय दाखवतंय?" त्यांनी विचारलं.

"ही नुसती भुकटी आहे बाबा. मशीन ठीक आहे ना, ते बघतेय."

"बघ, बघ," बाबा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.